एका ताण्यावरचा संग्रह

कॅप्सूल संग्रह म्हणजे मोजक्या कपड्यांचा असा गट, की त्यातील कोणताही वरचा कपडा कोणत्याही खालच्या कपड्याबरोबर घालता यावा आणि सगळे कपडे एकत्र टांगले असता ते एकाच हातातून आल्याचे दिसावे. ही कल्पना १९७०च्या दशकात लंडनमधील दुकानदार सूझी फॉ यांनी रूढ केली आणि १९८५मध्ये न्यूयॉर्कच्या डॉना करन यांनी सात कपड्यांचा एक संच सादर करून तिला व्यावसायिक रूप दिले. असा संग्रह उभा करताना प्रथम मूड बोर्ड, म्हणजे चित्रे, रंगाचे तुकडे आणि कापडाचे नमुने लावलेला फलक, तयार करण्याची पद्धत आहे. त्या फलकावरून रंगसंच ठरतो, रंगसंचानंतर कपड्यांची आकाररेषा ठरते आणि शेवटी कापडाचा शोध सुरू होतो, असा क्रम सर्वसाधारणपणे शिकवला जातो. नागपूरच्या नंदनवन भागातील एका घरगुती शिवणघरात आठ कपड्यांचा संग्रह करताना हा क्रम उलटा करावा लागला. विदर्भातील कोसा, म्हणजे टसर रेशमाचे कापड, आपला रंग झाडाकडून आणि आपला पन्हा मागाकडून घेऊन येते, आणि या दोन्ही गोष्टी फलकावरच्या चित्राला जुमानत नाहीत, हे त्या कामाच्या प्रत्येक टप्प्यावर दिसत गेले.

कोशाचा किडा तुतीवर पोसला जात नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील जंगलांत ऐन आणि अर्जुन या झाडांवर त्याची जोपासना होते, आणि हे काम पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने ढीवर समाजातील कुटुंबे करीत आली आहेत. झाडाची पाने, हंगाम आणि कोश उकळण्याची रीत यांवर धाग्याचा रंग ठरतो. तो फिकट बदामीपासून गडद मधासारख्या तपकिरीपर्यंत कुठेही असू शकतो, आणि तुतीच्या रेशमासारखा तो पूर्ण पांढरा करणे कठीण असते, कारण त्यातील रंगद्रव्य धाग्याच्या आतपर्यंत मुरलेले असते. अखंड कोशातून ओढून काढलेला धागा गुळगुळीत आणि एकसारखा असतो, तर फुटलेल्या किंवा टाकाऊ कोशांतून हाताने ओढलेला धागा जाड, गाठीगाठींचा आणि सहसा अधिक गडद असतो. त्याला घीचा म्हणतात. या दोन धाग्यांच्या फरकावरच पुढे संग्रहाचे सगळे कापडसूत्र उभे राहिले. कापडसूत्र म्हणजे संग्रहातील वेगवेगळी कापडे एकमेकांशी कोणत्या नात्याने जोडलेली आहेत याचे स्पष्ट उत्तर.

या कोशापासून विदर्भात विणले जाणारे सर्वांत ओळखीचे कापड म्हणजे करवतकाठी. त्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि नागपूरच्या जुन्या विणकर वस्त्या व भंडारा जिल्ह्यातील आंधळगाव यांसारखी गावे कोशाच्या विणकामासाठी ओळखली जातात. या कापडाचे अंग न रंगवलेल्या कोशाचे आणि काठ रंगीत सुताचा असतो, आणि दोहोंच्या सीमेवर करवतीच्या पात्यासारखे दात असतात. पारंपरिक पद्धतीत हे कापड तीन धोट्यांवर विणले जाते. डाव्या काठाला एक धोटा, अंगाला दुसरा आणि उजव्या काठाला तिसरा. प्रत्येक ओळीत काठाचा आडवा धागा आणि अंगाचा आडवा धागा एकमेकांत अडकून परत फिरतात आणि परतण्याची जागा पायरीपायरीने मागेपुढे होत गेल्यामुळे दात उमटतात. काठ अंगावर शिवलेला किंवा छापलेला नसतो. तो कापडाच्या रचनेचाच भाग असतो, म्हणूनच त्याचा रंग, त्याची रुंदी आणि त्याची सरळ रेषा यांपैकी काहीही विणल्यानंतर बदलता येत नाही.

फलकाचे काम सुरू झाले तेव्हा त्यावर नागपूरविषयीची नेहमीची चित्रे होती, म्हणजे संत्री, वाघ आणि झिरो माइलचा स्तंभ. ती काढून टाकण्याचे कारण केवळ त्यांच्या सरावलेपणात नव्हते. फलकावर राहणाऱ्या प्रत्येक वस्तूने रंग, रेषा किंवा पोत या तिन्हींपैकी निदान एका प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे, असा नियम ठरवला गेला होता, आणि संत्र्याच्या चित्राने दिलेले रंगाचे उत्तर कोशाला मारक ठरत होते. गोबेलँ येथील रंगशाळेचे प्रमुख असलेले फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी १८३९मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवले होते की दोन रंग शेजारी ठेवले असता प्रत्येक रंग दुसऱ्याला स्वतःपासून दूर ढकलतो. त्या नियमाचा प्रत्यय येथे तुकडे शेजारी लावताच आला. भडक नारिंगीजवळ ठेवलेला कोसा मळकट आणि हिरवट दिसू लागला, तर काळपट तांबड्याजवळ तोच कोसा उजळ आणि सोनेरी दिसला. हे चित्रावर दिसत नाही, कारण छापील चित्रातील कोशाला चमक नसते. म्हणून रंगाची प्रत्येक चाचणी किमान तळहाताएवढ्या खऱ्या कापडावरच केली गेली.

नियम लावल्यानंतर फलकावर थोड्याच वस्तू उरल्या. देठासकट कोशांची एक जुडी, त्यांतून ओढलेला धागा, घीचाची एक लडी, ऐनाच्या सालीचा तुकडा, करवतकाठीच्या एका जुन्या कापडाचा काठ आणि वर्ध्याच्या खादीचा नमुना. ऐनाची साल खोल भेगांनी चौकोनी खवल्यांत फुटलेली, काळसर राखाडी असते, आणि ज्या झाडावर किडा जगतो त्याच झाडाच्या सालीचा रंग संग्रहातील थंड बाजू म्हणून निवडणे योग्य वाटले. अशा रीतीने पाच रंगांचा संच निश्चित झाला. न रंगवलेला कोसा, घीचाचा गडद मधाळ तपकिरी, सालीचा राखाडी, काठाचा काळपट तांबडा आणि खादीचा दुधाळ पांढरा. प्रमाणाचाही निर्णय त्याच वेळी घेतला गेला, कारण पाच रंग सारख्या वाट्याने वापरले तर संग्रह एकसंध न दिसता ठिगळांचा दिसतो. कोसा आणि घीचा मिळून सर्वांत मोठा भाग, राखाडी आणि पांढरा त्याहून कमी, आणि तांबडा फक्त काठापुरता, अशी वाटणी ठरली. तांबड्या रंगाचा एकही अखंड कपडा करायचा नाही, हा त्या वाटणीचा सर्वांत उपयोगी परिणाम ठरला, कारण ठसठशीत रंग जेव्हा केवळ रेषेच्या रूपाने येतो तेव्हा आठही कपड्यांना जोडणारी खूण म्हणून तो काम करू शकतो.

रंगसंच लिहिताना प्रत्येक रंगासाठी एकच नमुना न लावता दोन नमुने लावले गेले, त्या रंगाची स्वीकारार्ह फिकट मर्यादा आणि स्वीकारार्ह गडद मर्यादा. कोशाचे दोन लॉट एकसारखे कधीच नसतात. एका लॉटच्या धाग्यात पिवळसर झाक असते तर दुसऱ्यात लालसर, आणि हा फरक दुकानातील दिव्याखाली झाकला जातो. गांधीबागेतील कापडबाजारात नमुना पाहताना तो दुकानाच्या दारापर्यंत आणून उजेडात पाहण्याची, आणि शिवणघरात उत्तरेकडील खिडकीजवळ सकाळच्या उजेडात पुन्हा तपासण्याची रीत म्हणूनच पाळली गेली. दोन नमुन्यांच्या मर्यादेत बसणारा फरक वेगवेगळ्या कपड्यांमध्ये चालतो, परंतु एकाच कपड्याच्या दोन भागांत तो मुळीच चालत नाही, कारण शिवणीच्या दोन्ही बाजूंना अगदी लहान फरकही डोळ्यांना लगेच जाणवतो. त्यामुळे एक कपडा संपूर्णपणे एकाच तुकड्यातून कापायचा, ही अट पुढच्या सगळ्या मापांत गृहीत धरली गेली.

कापडसूत्र ठरवताना बाजारातून पाच रंगांची पाच कापडे गोळा करण्याचा मार्ग उघडा होता, पण त्यात प्रत्येक कापडाचा धागा, घनता आणि काठ वेगळा असता आणि त्यांना जोडणारे काही उरले नसते. त्याऐवजी विणकराशी बोलून असे ठरले की एकाच ताण्यावर तीन कापडे विणावीत. ताणा म्हणजे मागावर लांबीच्या दिशेने ताणलेले उभे धागे आणि बाणा म्हणजे धोट्याने आडवे टाकले जाणारे धागे. ताणा एकदा मागावर चढला की त्याचे धागे, त्यांचा रंग आणि फणीतील घनता शेवटपर्यंत बदलत नाही. बाणा मात्र हवा तेव्हा बदलता येतो. अंगाचा ताणा न रंगवलेल्या गुळगुळीत कोशाचा आणि काठाचा ताणा काळपट तांबड्या मर्सराइज्ड सुताचा ठेवून, पहिल्या भागात बाणाही गुळगुळीत कोशाचा, दुसऱ्या भागात घीचाचा आणि तिसऱ्या भागात राखाडी रंगवलेल्या कोशाचा टाकायचा होता. पहिल्या भागातून हलके झुळझुळीत कापड मिळणार होते, दुसऱ्यातून जाड आणि खडबडीत, आणि तिसऱ्यातून बदामी व राखाडी धाग्यांच्या मिश्रणाने धूपछावी झाक असलेले कापड. तिन्हींचा ताणा एक आणि काठही एकच असल्यामुळे त्यांचे नाते सांगावे लागणार नव्हते, ते कापडातच विणले जाणार होते. काठाचा रंग एकदा ताण्यात गेला की तो सगळ्या लांबीला बांधून टाकतो, ही मर्यादा अशा रीतीने संग्रहाची शिस्त बनली.

या योजनेतील अडचण दुसऱ्या भागात होती. तीन धोट्यांच्या विणकामात प्रत्येक ओळीला अंगाचा एक आणि काठाचा एक धागा बसतो, त्यामुळे दोहोंची जाडी जुळली पाहिजे. अंगात जाड घीचा आणि काठात नेहमीचे बारीक सूत टाकले तर अंग लवकर वाढते आणि काठाला तेवढीच लांबी भरण्यापुरता धागा मिळत नाही. काठ विरळ आणि सैल होतो, दातांच्या कडा उघड्या पडतात आणि कापड मागावरून उतरल्यावर काठ लाटांसारखा उठतो. हे मागावर असतानाच ओळखता येते, कारण विणलेल्या भागाची कडा फणीला समांतर राहत नाही, मध्ये पुढे येते आणि दोन्ही टोकांना मागे राहते. उपाय असा की घीचाच्या भागात काठाच्या धोट्यातील सूत दुहेरी करावे, आणि संपूर्ण भाग विणण्यापूर्वी वीतभर कापड विणून कडा तपासावी. दुहेरी सुतामुळे त्या भागातील काठ किंचित अधिक भरदार आणि दात किंचित बोथट दिसतात, परंतु जाड कापडाला तो भरदारपणा शोभतो.

राखाडी धागा रंगवण्यासाठी हिरडा आणि हिराकस यांची जुनी जोडी वापरली गेली. हिरड्यातील टॅनिन धाग्यावर बसते आणि हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, त्याच्याशी संयोग पावून राखाडी ते काळा रंग देते. तिसऱ्या भागासाठी लागणारा बाणा सुमारे १०० ग्रॅम होता. त्याला हिरड्याची पूड २० ग्रॅम आणि हिराकस २ ग्रॅम हे प्रमाण पुरेसे ठरते. लोह अधिक घातल्यास रंग गडद होतो खरा, पण रेशीम खरखरीत आणि ठिसूळ होते, म्हणून आणखी गडद छटा हवी असेल तर हिराकस न वाढवता हिरड्याचे पाणी पुन्हा एकदा देणे अधिक सुरक्षित असते. कोशाचा मूळ तपकिरी रंग खाली राहत असल्यामुळे येणारा राखाडी निळसर नसतो, तो उबदार असतो आणि सालीच्या रंगाला जवळचा असतो. येथे आणखी एक बंधन लक्षात ठेवावे लागते. विणलेले कापड अखंड रंगवले तर सुती काठही टॅनिन आणि लोह शोषून काळवंडतो, म्हणून रंगवायचे ते केवळ सुटा धागा असतानाच.

कापड हाती आल्यावर कात्री लावण्यापूर्वी ते धुणे अपरिहार्य असते. हातमागाच्या कापडात खळ असते आणि ताण्याला मागावर ओढ बसलेली असते. पाण्यात ती ओढ सुटते आणि कापड आटते. या कापडात त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा होता की अंग रेशमाचे आणि काठ सुताचा असल्याने दोघे वेगवेगळ्या प्रमाणात आटू शकतात. चाचणीसाठी काठासह एका तुकड्यावर अंगात ५० सेंटीमीटरची आणि काठात ५० सेंटीमीटरची रेघ दोऱ्याने टाकून, कोमट पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून दोन्ही रेघा पुन्हा मोजल्या गेल्या. काठ जास्त आटला तर अंगाला काठाजवळ चुण्या पडतात आणि अंग जास्त आटले तर काठ लहरतो. मोठ्या टेबलावर कापड मोकळे पसरले की दोन्ही दोष लगेच दिसतात. फरक थोडा असेल तर काठ ओला असताना हलक्या हाताने ओढून, उलट्या बाजूने इस्त्री केल्यास तो बसतो, पण शिवल्यानंतर उमटलेली चुणी कोणत्याही इस्त्रीने जात नाही. पुढील सगळी मापे या धुतलेल्या कापडाची आहेत. त्याचा पन्हा ११५ सेंटीमीटर, प्रत्येक बाजूचा काठ दातांसह ८ सेंटीमीटर, आणि लांबी पहिल्या भागाची ४.५ मीटर, दुसऱ्याची ३.५ मीटर व तिसऱ्याची २ मीटर, म्हणजे एकूण १० मीटर होती.

आकाररेषा, म्हणजे कपडा अंगावर असताना त्याची बाहेरून दिसणारी एकूण रेघ, ठरवण्याचा निर्णय काठानेच घेतला. काठ सरळ असतो आणि तो वळत नाही. खाली पसरत जाणाऱ्या घेराची कडा नेहमी वक्र असते, आणि त्या वक्र कडेवर विणलेला काठ आणायचा तर त्याला चुण्या किंवा जोड द्यावे लागतात, ज्यामुळे दातांची ओळ तुटते. म्हणून पसरट कळीदार कपडे संग्रहातून वगळले गेले आणि प्रत्येक कपडा आयतातून घडवायचा असे ठरले, म्हणजे सरळ कडा, मोकळे अंग, आणि घेर हवाच असेल तर तो कळ्यांनी न देता चुण्यांनी द्यायचा. कोशाचा स्वभावही याच बाजूचा होता. गुळगुळीत धाग्यांचे विणकाम शिवणीवर ताण येताच सरकते आणि टाक्यांच्या बाजूला फटी पडतात. तंग कपड्यात हे काख आणि पाठ या ठिकाणी सर्वप्रथम दिसते. तुकड्यावर शिवण घालून ती दोन्ही हातांनी ओढून पाहिल्यावर किती मोकळीक ठेवावी याचा अंदाज येतो. या संग्रहात छातीवर अंगमापापेक्षा किमान १२ सेंटीमीटर मोकळीक, शिवणीला दीड सेंटीमीटर दाबणी आणि कडा आत बंदिस्त करणारी दुहेरी शिवण, हे सर्व कपड्यांना समान ठेवले गेले.

काठ कपड्याच्या तळाशी आणायचा तर कापड आडवे वापरावे लागते, म्हणजे कपड्याची उंची पन्ह्यातून आणि घेर लांबीतून घ्यावा लागतो. घागऱ्यासारख्या चुणीदार स्कर्टवर हा हिशोब स्पष्ट होतो. कमर ७६ सेंटीमीटर आणि एकावर एक बसणाऱ्या चुण्यांसाठी तिप्पट कापड धरले तर २२८ सेंटीमीटर लागतात, शिवणीसह २३५. तळाचा काठ जसाच्या तसा राहतो, त्यामुळे दुमड लागत नाही. ९० सेंटीमीटर उंची घेतल्यावर पन्ह्यातील २५ सेंटीमीटर उरतात, आणि त्या उरलेल्या पट्टीला दुसऱ्या बाजूचा संपूर्ण काठ असतो. याच पट्टीतून कमरपट्टा निघतो आणि काठ ओढणीच्या टोकांसाठी मोकळा होतो. पहिल्या भागातूनच एक सरळ कुर्ता निघाला, पुढचा व मागचा भाग प्रत्येकी ६५ सेंटीमीटर, मिळून १.३० मीटर, आणि ४५ सेंटीमीटर लांबीच्या एकाच तुकड्यातून दोन्ही बाह्या, कारण पन्हा मध्ये कापला की प्रत्येक बाहीच्या मनगटाशी आपोआप एक काठ येतो. पहिल्या भागाचा एकूण खर्च ४.१० मीटर झाला.

घीचाच्या भागातून सरळ पायजमा १.४० मीटरमध्ये आडव्या कापणीने निघाला आणि त्याच्या घोट्याशी काठ आला. आखूड टॉपसाठी आडवे १.१० मीटर लागले, आणि त्याच्या वरच्या बाजूला उरलेल्या पट्टीतून त्याच्या बाह्या झाल्या. बिनबाह्यांच्या जॅकेटला मात्र कापड उभे वापरले गेले, आणि तेथे या कापडाचा सर्वांत सुंदर उपयोग सापडला. ७० सेंटीमीटर लांबीच्या एकाच तुकड्यात डाव्या कडेला एक पुढचा भाग, उजव्या कडेला दुसरा आणि मध्ये पाठ बसते, त्यामुळे जॅकेटच्या उघड्या कडांवर दोन्ही काठ समोरासमोर येतात आणि दात एकमेकांकडे पाहत उभे राहतात. धूपछावी भागातून १.७५ मीटरमध्ये राखाडी कुर्ता आणि त्याच्या बाह्या निघाल्या. उरलेले दोन कपडे, म्हणजे सैल शर्ट आणि ओढणी, वर्ध्याच्या पांढऱ्या खादीचे केले गेले. महात्मा गांधींच्या हस्ते १९३८मध्ये सुरू झालेल्या मगन संग्रहालयामुळे वर्धा हे खादीचे आणि नैसर्गिक रंगांचे केंद्र झाले असून ते नागपूरला जवळ आहे, आणि चकाकणाऱ्या कोशाशेजारी सुताचा निस्तेज पोत डोळ्यांना विसावा देतो.

संग्रहाची कसोटी शिवणीत नसून जोडणीत असते, म्हणून कापणीपूर्वीच चार वरच्या आणि दोन खालच्या कपड्यांचा आठ घरांचा तक्ता मांडून प्रत्येक घर रेखाटनाने भरले गेले. पहिल्या मांडणीत राखाडी कुर्त्याच्या तळाशीही काठ होता, कारण राखाडीवर तांबडे दात सर्वांत उठून दिसतात. तक्त्यात त्या कुर्त्याची दोन्ही घरे बिघडली. स्कर्टबरोबर गुडघ्याजवळ एक आणि घोट्याजवळ दुसरी अशा दोन आडव्या रेषांनी शरीराचे तुकडे झाले, आणि पायजम्याबरोबर दोन्ही काठ एकमेकांशी स्पर्धा करू लागले. त्यावरून पुढचा नियम निघाला, की तळाचा काठ फक्त खालच्या कपड्यांना, आणि वरच्या कपड्यांना तो केवळ बाहीवर किंवा उभ्या कडेवर द्यायचा. राखाडी कुर्त्याचे दोन्ही काठ कापून वेगळे केले तर पन्ह्यातील ९९ सेंटीमीटर उरतात आणि दुमड व खांद्याची शिवण वजा जाता सुमारे ९३ सेंटीमीटर उंचीचा कुर्ता मिळतो. पहिल्या कुर्त्यालाही हेच लागू झाले, आणि दोन्ही कुर्त्यांपासून सुटलेले काठ खादीच्या शर्टाच्या गळपट्टीला व मनगटांना गेले. नियम लागल्यानंतर आठही घरे भरली, आणि जॅकेट घालून किंवा न घालून ती सोळा झाली. खादीच्या शर्टाला काठ मिळाला नसता तर तो संग्रहात उपराच राहिला असता. दुसऱ्या कपड्याने सोडलेली पट्टी त्याला मिळाल्यामुळे तो कुटुंबात आला.

या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे. उंची पन्ह्यातून येत असल्यामुळे ती ठरावीक हद्दीपलीकडे वाढवता येत नाही. उंच व्यक्तीसाठी ९३ सेंटीमीटरचा कुर्ता आखूड पडतो आणि त्यावर रुंद पन्ह्याचा माग हाच उपाय असतो. याउलट घेर लांबीतून येत असल्यामुळे जाड व्यक्तीसाठी कपडा मोठा करणे अत्यंत सोपे असते, केवळ काही सेंटीमीटर लांबी जास्त लागते. तयार कपड्यांच्या नेहमीच्या मापतक्त्यात उंची आणि घेर एकत्र वाढतात, येथे ते वेगळे धरावे लागतात, आणि गिऱ्हाइकाला हे आधीच सांगणे आवश्यक असते. आडव्या कापणीमुळे कपड्याचा लोंबही बदलतो, कारण उभ्या दिशेला आता बाणा येतो. गुळगुळीत बाण्याच्या कापडात हा फरक जाणवत नाही, पण घीचाच्या पायजम्यात जाड धागे उभे आल्याने तो थोडा ताठ उभा राहतो, तर उभ्या कापलेल्या जॅकेटात तेच धागे आडवे असल्याने ते अंगाभोवती मऊ वळत नाही आणि खांद्यापासून सपाट राहते. दोन्ही परिणाम सरळ आकाररेषेला पूरक ठरले. कळीदार आकाररेषेत ते दोष ठरले असते.

दुसऱ्यांदा असाच संग्रह करायचा झाल्यास त्याच फलकावरून थेट सुरुवात करता येणार नाही, कारण पुढच्या हंगामाचा कोसा वेगळ्या झाकीचा असेल आणि त्याच्याशेजारी काठाचा तांबडा व सालीचा राखाडी पुन्हा लावून पाहावे लागतील. टिकतात ते नियम. रंग कापडावरून घ्यावा, काठाचा रंग ताणा चढण्यापूर्वी पक्का करावा, जाडी बदलली की काठाचे सूत बदलावे, सरळ काठाला सरळ कडा द्यावी, आणि जोडणीचा तक्ता कात्रीपूर्वी भरावा. फलकाचे काम प्रेरणा देण्यापुरते मानले जाते, परंतु या कामात त्याचा खरा उपयोग नकार देण्यासाठी झाला; जे चित्र, जो रंग आणि जो आकार मागावर उतरू शकत नव्हता तो फलकावरून उतरवला गेला, आणि उरलेल्या थोड्या वस्तूंमध्ये आठही कपडे आधीच दडलेले होते.